धागा: १४ ऑक्टोबर १९५६ ला मला शनिवार येतो, पुस्तकात रविवार. कोण बरोबर?

भरतीवाला_आर्णी
नमस्कार मंडळी. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. गावात क्लास नाही, ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत आम्ही तिघं-चौघं बसतो आणि एकमेकांना अडवतो. सध्या दिनदर्शिकेवर गाडी अडली आहे. सराव पेपरात प्रश्न होता : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी कोणता वार होता? दीक्षाभूमीची तारीख, त्यामुळे सगळ्यांनीच उत्साहाने सोडवली. मी असं केलं :

१६०० वर्षांचे विषम दिवस, म्हणजे पूर्ण आठवडे काढून उरलेले दिवस, ०, पुढच्या ३०० चा १, उरलेल्या ५५ वर्षांत १३ लीप, म्हणून ५५ + १३ = ६८, सातने भागून बाकी ५. एकूण ६. मग जानेवारी ते सप्टेंबर ३, ०, ३, २, ३, २, ३, ३, २ म्हणजे २१ आणि तारखेचे १४, झाले ३५, बाकी ०. एकूण ६, म्हणजे शनिवार.

पुस्तकात उत्तर रविवार. पुस्तक चुकलं की मी?

खडूफळा
पुस्तक बरोबर आहे. त्या दिवशी रविवारच होता, आणि दसराही होता.

तुमची मांडणी चांगली आहे, एकाच ठिकाणी घसरली. १९५६ ला चारने भाग जातो. म्हणजे त्या वर्षीचा फेब्रुवारी २९ दिवसांचा, आणि त्याचा विषम दिवस ० नाही, १. तो घातला की महिन्यांची बेरीज २२, अधिक १४, झाले ३६, बाकी १. आधीचे ६ आणि हा १ मिळून ७, म्हणजे बाकी शून्य. शून्य म्हणजे रविवार.

आता एक गोष्ट सांगतो, ती क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत. उत्तर कितीने चुकलं यावरून कुठे चुकलं ते कळतं. तुमचा वार एकाने मागे आला, म्हणजे चालू वर्षाचा लीप दिवस राहिला. याच प्रश्नाला कुणाला मंगळवार आला असेल, तर वार दोनने पुढे गेला. त्याने ५५ ऐवजी ५६ वर्षं पूर्ण धरली, आणि १९५६ लीप असल्याने दोन दिवस जादा मोजले गेले. बुधवार आला असेल तर वार तीनने पुढे. त्या पोराने १७००, १८०० आणि १९०० ही तिन्ही वर्षं लीप धरली. सराव करताना नुसतं 'चूक' असं लिहून पुढे जाऊ नका, किती वारांनी चूक तेही शेजारी लिहा. आठवडाभरात आपली खोड कोणती ते दिसतं.

भरतीवाला_आर्णी
सर, आमच्यातल्या एकाला खरंच बुधवार आला होता! त्याचं म्हणणं १९०० ला चारने भाग जातो, मग लीप का नाही?

खडूफळा
शतकाच्या वर्षाला चारने नाही, चारशेने भाग जायला हवा. १६०० आणि २००० लीप. १७००, १८००, १९०० नाहीत. ऋतूंचं वर्ष ३६५ दिवस सहा तासांपेक्षा अकरा-बारा मिनिटांनी लहान आहे. दर चार वर्षांनी आपण अख्खा दिवस घालतो तो थोडा जास्तच होतो, म्हणून चारशे वर्षांत तीन दिवस काढून टाकावे लागतात.

त्यामुळे चारशे वर्षांत लीप १०० नाही, ९७. आता ४०० + ९७ = ४९७, आणि ७१ सत्ते ४९७. बाकी शून्य. म्हणून दर चारशे वर्षांनी सगळे वार जसेच्या तसे परत येतात आणि १६०० ला आपण निवांत शून्य लिहितो. त्याला पाठांतराची गरज नाही, भागाकार करून पाहा.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, येवढं कायले लांबवता? पेपरात पाऊण मिनिट भेटते एका प्रश्नाले. आमच्या अकॅडमीत कोड पाठ करून घेतला : ०३३ ६१४ ६२५ ०३५. जानेवारी ते डिसेंबर. तारीख + महिन्याचा कोड + सालाचे शेवटचे दोन आकडे + त्याचा चौथा हिस्सा, अपूर्णांक सोडून. सातनं भागा, बाकी म्हणजे वार.

१४ ऑक्टोबर १९५६ : १४ + ० + ५६ + १४ = ८४. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, बाकी ०. रविवार. झालं! १५ ऑगस्ट १९४७ : १५ + २ + ४७ + ११ = ७५, बाकी ५, शुक्रवार. ना लीप पाहाचं, ना फेब्रुवारी. कोणतीबी तारीख द्या.

मोर्शीची_संत्री
भाऊ, २६ जानेवारी १९५२ करून दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा
२६ + ० + ५२ + १३ = ९१. तेरा सत्ते एक्याण्णव. रविवार.

मोर्शीची_संत्री
शनिवार होता. २६ जानेवारी १९५० गुरुवार, तुमच्याच कोडने येतो. पुढच्या वर्षी शुक्रवार, त्याच्या पुढच्या वर्षी शनिवार. मध्ये कुठे २९ फेब्रुवारी आलेलीच नाही, मग वार दोनने कसा उडेल?

वऱ्हाडी_ठेचा
आता हे काय नवीन. सरांनी तर 'कोणतीबी तारीख' म्हणून सांगतलं होतं.

खडूफळा
ठेचाभाऊ, कोड खरा आहे, अर्धाच शिकवलेला दिसतो. तो आला कुठून ते पाहिलं की उरलेला अर्धा आपोआप सापडतो.

महिन्याचा कोड म्हणजे त्या महिन्याआधी संपलेल्या सगळ्या महिन्यांच्या विषम दिवसांची बेरीज, सातने भागून. जानेवारीआधी काही संपलं नाही, म्हणून ०. फेब्रुवारीआधी जानेवारी संपला, म्हणून ३. मार्चआधी फेब्रुवारीने काही भर घातली नाही, म्हणून परत ३. एप्रिलआधी मार्चचे आणखी ३, झाले ६. मेआधी एप्रिलचे २, झाले ८, म्हणजे १. असं डिसेंबरपर्यंत या. आर्णीच्या भाऊंनी जे सुटं सुटं लिहिलं होतं, तेच इथे बेरीज करून ठेवलंय.

आता सालाचं. आर्णीकरांनी १९५५ पर्यंत मोजलं, तुम्ही सरळ ५६ घेतले. एक वर्ष जास्त घेऊनही उत्तर बरोबर कसं? कारण १९०० पर्यंतचा जो एक विषम दिवस आहे, तो तुम्ही लिहिलाच नाही. ५६ मधला तो जादाचा १ नेमका त्याची जागा भरतो.

आणि चौथा हिस्सा. ५६ चा चौथा हिस्सा १४, पण १९५५ अखेर लीप वर्षं १३ च. चौदावा लीप दिवस १९५६ चा स्वतःचा आहे. तारीख ऑक्टोबरची असेल तर तो दिवस येऊन गेलेला असतो, म्हणून हिशेब जमतो. तारीख जानेवारी-फेब्रुवारीची असेल तर तो अजून यायचा आहे, तरी तुमच्या कोडने तो आधीच मोजून टाकला. म्हणून लीप वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत शेवटी १ वजा करायचा. ९१ चे ९०, बाकी ६, शनिवार.

वऱ्हाडी_ठेचा
मानलं बाप्पा. मंग २००० नंतरच्या तारखांना काय करता? मले तिथं कधी जमते, कधी जमत नाही.

खडूफळा
तिथे तर कधीच जमायला नको! हा कोड १९०० च्या शतकाच्या मापाने कापला आहे. १९०० अखेर विषम दिवस १ होता, तो सालात लपवला. २००० अखेर विषम दिवस ०. म्हणजे लपवायला काही नाही आणि सालात मात्र १ जादा आलाय. २००१ ते २०९९ साठी नेहमी १ वजा. २००० सालालाही तोच नियम लागतो, फक्त ते लीप आहे हे विसरू नका.

२९ फेब्रुवारी २०२४ घ्या. २९ + ३ + २४ + ६ = ६२. शतकाचा १ वजा, लीपच्या फेब्रुवारीचा आणखी १ वजा, राहिले ६०, बाकी ४. गुरुवार. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर फेकलं नसेल तर पडताळून पाहा.

सुगंधा_दिग्रस
सर, तुम्ही इतकं सोपं करून सांगता म्हणून विचारते. माझ्या वडिलांचा जन्म तान्ह्या पोळ्याचा, शनिवारचा, असं आजी सांगायची. शाळेत गुरुजींनी १ जून लिहून टाकली, तेव्हा सगळ्यांचीच लिहायचे. साल १९५० ते ५५ च्या मधलं असावं. या विषम दिवसांवरून खरी तारीख निघेल का? कागदपत्रासाठी नाही, घरातल्यांना वाढदिवस करायचा आहे.

पंचांगकाका
ताई, तान्हा पोळा म्हणजे पिठोरी अमावास्येचा दुसरा दिवस, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. तिथी पाळा ना, तारखेचा अट्टहास कशाला? आणि खडूफळा, तुमच्या गणिताने तिथी काढून दाखवा म्हणजे मानू. दसरा त्या वर्षी १४ ऑक्टोबरला होता, मग दरवर्षी का नाही?

खडूफळा
काका, तिथी या गणितातून निघत नाही, मी तसा दावाही केलेला नाही. तिथी चंद्रावर चालते, मध्ये क्षय आणि वृद्धी येते, अधिक महिना येतो. विषम दिवस फक्त सातची बाकी सांगतात.

सुगंधाताई, त्यामुळे नुसत्या वारावरून साल निघणार नाही. पण उलट्या बाजूने जाता येईल. त्या पाच-सहा वर्षांची जुनी पंचांगं मिळवा, काकांसारख्या कुणाकडे असतील. प्रत्येक वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणती तारीख होती ते लिहा आणि त्या तारखांचे वार वरच्या कोडने काढा. शनिवार एकाच वर्षी आला तर तुमचं काम झालं. दोन वर्षी आला तर घरातल्या थोरामोठ्यांकडून दुसरी खूण शोधावी लागेल.

आणि वार सांगताना एक लक्षात असू द्या. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आपल्या गणितात मध्यरात्री. जन्म पहाटे तीनचा असेल तर आजीचा शनिवार म्हणजे कॅलेंडरचा रविवार असू शकतो.

सुगंधा_दिग्रस
जन्माची वेळ कुणालाच माहीत नाही. पंचांग शोधते.

पंचांगकाका
५२ ते ५५ ची माझ्याकडे आहेत, वाळवी लागलेली, पण वाचता येतात. पाहून कळवतो.

अजून एक विचारायचं होतं. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार, तारीख ६ जून १६७४. आता काढा वार तुमच्या पद्धतीने.

भरतीवाला_आर्णी
मी काढतो. १६०० चे ०. ७३ वर्षांत १८ लीप, ९१, बाकी ०. जानेवारी ते मे १५१ दिवस आणि ६, झाले १५७, बाकी ३. बुधवार?? परत कुठे चुकलो?

खडूफळा
तुम्ही चुकला नाहीत, आणि काकांचा शनिवारही खरा आहे. ६ जून ही तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या कॅलेंडरातली आहे. ते जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळत होते आणि आजच्या पद्धतीपेक्षा १० दिवस मागे होते. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. १० ची सातने बाकी ३, आणि बुधवारपासून तीन पुढे गेलं की शनिवार. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं. २ तारखेचा बुधवार झाला आणि लगेच १४ तारखेचा गुरुवार उजाडला. आपली पद्धत त्याच्या अलीकडच्या तारखांना बिनधास्त वापरा. पलीकडची तारीख असेल तर ती कोणत्या कॅलेंडरातली, हे आधी विचारा. भरतीच्या पेपरात असला प्रश्न सहसा येत नाही, म्हणून डोक्याला ताप नको.

मोर्शीची_संत्री
धागा वारांचा आहे पण घड्याळाचंही इथेच विचारते, वेगळा धागा काढला की कुणी फिरकत नाही. ४ वाजून २० मिनिटांनी काट्यांमधला कोन किती? माझ्या मैत्रिणीने शून्य लिहिलं. दोन्ही काटे ४ वर, मग कोन कसला, असं म्हणते.

वऱ्हाडी_ठेचा
बरोबरच हाये ना! मिनिट काटा २० वर म्हणजे ४ च्या घरावर. तास काटा ४ वर. शून्य.

खडूफळा
तास काटा ४ वर कधी होता? बरोबर चार वाजता. त्याला वीस मिनिटं झाली, तोवर तो काय बसून राहिला? त्याला एका तासात ३० अंश जायचं असतं, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. वीस मिनिटांत १० अंश पुढे सरकला. मिनिट काटा १२० अंशांवर, तास काटा १३० वर. कोन १० अंश.

मिनिट काटा मिनिटाला ६ अंश चालतो, तास काटा अर्धा. म्हणजे मिनिट काटा दर मिनिटाला साडेपाच अंशांची आघाडी घेतो. घड्याळाचे सगळे प्रश्न या साडेपाचाचे आहेत. तासाला ३० ने गुणा, मिनिटांना साडेपाचने गुणा, मोठ्यातून लहान वजा करा. इथे १२० आणि ११०, फरक १०. फरक १८० च्या वर गेला तर ३६० मधून वजा करा. जसं १० वाजून १० मिनिटं : ३०० उणे ५५ म्हणजे २४५, म्हणून कोन ११५.

मोर्शीची_संत्री
हे समजलं. मग ४ आणि ५ च्या दरम्यान काटकोन कधी होतो?

खडूफळा
चार वाजता मिनिट काटा १२० अंशांनी मागे असतो. ९० चं अंतर व्हायला त्याने ३० अंश भरून काढले पाहिजेत, किंवा तास काट्याला गाठून आणखी ९० पुढे जायचं तर एकूण २१०. दोन्हींना साडेपाचने भागा. पहिलं उत्तर ५ पूर्णांक ५/११ मिनिटं, दुसरं ३८ पूर्णांक २/११ मिनिटं. उत्तरात अकराचा छेद दिसला की घाबरायचं नाही, साडेपाचने भागल्यावर तो येणारच. उलट पर्यायात चारही उत्तरं पूर्ण मिनिटांत असतील तर प्रश्न परत वाचा.

भरतीवाला_आर्णी
सर, याच्यावरच आमच्यात भांडण आहे. दर तासाला दोनदा काटकोन होतो, मग बारा तासांत २४ हवेत. पुस्तकात २२ आहे.

मोर्शीची_संत्री
हे मला येतं! २ ते ३ मधला दुसरा काटकोन बरोबर ३ वाजता होतो, आणि तोच ३ ते ४ मधला पहिला. एकच काटकोन दोन तासांत मोजला जातो. तसंच ९ वाजता. म्हणून दोन कमी.

खडूफळा
शाब्बास. दुसरी वाट अशी : बारा तासांत मिनिट काटा १२ फेऱ्या मारतो, तास काटा १. म्हणजे मिनिट काटा ११ फेऱ्यांची आघाडी घेतो. एका फेरीत काटकोन दोनदा. अकरा दुणे बावीस. काटे एकमेकांवर येतात ते ११ वेळा, समोरासमोर येतात तेही ११ वेळा. दिवसाचं विचारलं तर दुप्पट.

वऱ्हाडी_ठेचा
मंग मास्तर, हे सांगा. मागच्या सराव पेपरात होतं, 'सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत काटे किती वेळा काटकोनात येतील?' पर्यायात २२ बी होतं, २३ बी होतं. उत्तरतालिकेत २२. मी २३ केलं, कारण ९ वाजता सुरुवातीलेच काटकोन हाये आणि शेवटी ९ ले परत हाये.

खडूफळा
दोन काटकोनांमध्ये ३२ पूर्णांक ८/११ मिनिटं जातात आणि बारा तासांत अशी बरोबर २२ अंतरं बसतात. अंतरं २२ असली की दोन्ही टोकं धरून खुणा २३. गणित म्हणून तुमचं उत्तर बरोबर आहे, दोन्ही टोकं मोजायची असतील तर.

मोर्शीची_संत्री
पण 'या वेळेत' म्हटल्यावर दोन्ही टोकं धरायची की एकच, हे कुठे लिहिलंय? एक धरलं की २२.

भरतीवाला_आर्णी
आमच्या अभ्यासिकेत तिघं २३ म्हणतात, एक २२ वर अडून बसलाय. खऱ्या पेपरात आलं तर काय करायचं, हरकत घ्यायची?

खडूफळा
हरकत घेता येते, मान्य होईल याची हमी नाही. प्रश्न काढणाऱ्याने बहुतेक 'बारा तास म्हणजे २२' एवढंच डोक्यात ठेवून ९ ते ९ लिहिलं असणार, म्हणून मी असतो तर पेपरात २२ केलं असतं. फळ्यावर मात्र २३.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे मार्क पाह्यजे असन तर २२, खरं पाह्यजे असन तर २३. मी तर हरकतच घेतो.

पंचांगकाका
सुगंधाताई, ५३ चं पंचांग उघडलं, भाद्रपदाचं पान वाळवीने खाल्लंय. ५४ आणि ५५ उद्या पाहतो. ५० आणि ५१ ची कुणाकडे असतील तर इथे सांगा.